भाचीसाठी वाचनकोपरा: कामाच्या नोंदी

६ जुलै

येत्या २४ ऑगस्टला भाचीला पाच वर्षे पूर्ण होतील. यंदा तिला खेळणे न देता वाचनकोपरा द्यायचा, असे ताईचे आणि माझे ठरले आहे. बसायला गादी, टेकायला लोड आणि हाताशी येईल अशी बुटकी मांडणी, एवढाच त्याचा पसारा असेल. खर्चाची मर्यादा मी बारा हजार रुपये धरली आहे. त्यात पुस्तके धरलेली नाहीत.

बाजारात जाण्यापूर्वी आज दिवसभर ताईच्या घरी बसून मी फक्त पाहत राहिले. भाचीने दिवसात चार वेळा पुस्तक हातात घेतले. दोनदा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली, कारण ताई आत पोळ्या करत होती. एकदा ती आजीच्या खुर्चीला टेकून बसली आणि एकदा जेवणाच्या टेबलाखाली. तिच्या स्वतःच्या खोलीत मात्र ती पुस्तक घेऊन एकदाही गेली नाही, आणि आम्ही दोघींनी तर कोपरा तिच्या खोलीतच करायचा असे गृहीत धरले होते. तिला अक्षरे ओळखता येतात, बिनजोडाक्षरी शब्द ती अडखळत लावते, परंतु गोष्ट अजून कोणीतरी वाचून दाखवावी लागते. साहजिकच पुस्तक घेऊन ती माणसांच्या दिशेने जाते. कोपरा आतल्या खोलीत केला, तर तो छान दिसेल आणि रिकामा राहील.

तेव्हा जागा दिवाणखान्यातच, स्वयंपाकघराच्या दाराजवळ शोधायची आणि बैठक दोघांची करायची, या दोन गोष्टी आजच नक्की केल्या. दुकानांत लहान मुलांसाठी म्हणून मिळणाऱ्या बैठका एका मुलापुरत्या असतात. आईला किंवा आजोबांना तिथे पाठ टेकता आली नाही, तर दुसऱ्या गोष्टीला तेच आधी उठतील.

१३ जुलै

आज जागा मोजली. दिवाणखान्यातील उत्तरेकडच्या खिडकीखाली १६५ सेंटीमीटर लांबीची मोकळी भिंत आहे आणि तिला काटकोनात आतली भिंत येते. खिडकीची कड जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर आहे. पाठ खिडकीकडे करून बसले की प्रकाश खांद्यावरून थेट पानावर पडतो. उत्तरेची खिडकी असल्यामुळे थेट ऊन फारसे आत येत नाही, म्हणजे डोळे दिपणार नाहीत आणि मुखपृष्ठांचे रंगही लवकर विटणार नाहीत. दूरदर्शन संच त्याच भिंतीवर पलीकडच्या टोकाला असल्याने बसल्या जागेवरून त्याचा पडदा दिसत नाही. हा योगायोग आहे, पण मोलाचा आहे.

पुण्याच्या पावसात पुस्तकांचे खरे वैरी म्हणजे ओल आणि कसर. त्यामुळे भिंत हाताला कोरडी लागते एवढ्यावर विसंबून न राहता मी साधी चाचणी लावली आहे. सुमारे वीतभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बसवायचा आणि दोन दिवसांनी पाहायचा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब धरले, तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूस धरले, तर तो खोलीतील हवेचा दमटपणा आहे. खिडकीखालची भिंत, आतली भिंत आणि तुलनेसाठी भाचीच्या खोलीतील पश्चिमेची भिंत, अशा तीन ठिकाणी तुकडे लावले.

एक धोका लिहून ठेवते. मांडणी खिडकीशेजारी येणार आहे आणि पायऱ्यापायऱ्यांची मांडणी ही पाच वर्षांच्या मुलीच्या लेखी शिडीच असते. येथे खिडकीला लोखंडी जाळी पक्की बसवलेली आहे आणि गजांमधून मूल जाईल एवढी फट नाही, म्हणूनच ही जागा मी मान्य केली. जाळी नसती, तर प्रकाश कितीही चांगला असला तरी जागा बदलली असती.

१६ जुलै

ताईने दूरध्वनीवरून कळवले की खिडकीखालच्या आणि आतल्या भिंतीवरील तुकडे कोरडे आहेत. खोलीतील पश्चिमेच्या भिंतीवर मात्र आतून थेंब धरले आहेत. पावसाचा मारा तिकडून असल्याने हे अपेक्षित होते. "बरे झाले, नाहीतर सगळी पुस्तके तिथेच लावणार होतो," असे ती म्हणाली.

२० जुलै

आजचा सगळा दिवस पुस्तकांच्या मापात गेला, आणि या कामातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आजच लक्षात आली. भाचीकडे ३४ पुस्तके आहेत. त्यांपैकी २७ पातळ आहेत: सोळा ते चोवीस पाने, जरा जाड कागदाचे मुखपृष्ठ आणि मधोमध मारलेल्या दोन पिना. प्रथम बुक्स आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांची मुलांची मराठी पुस्तके बहुतांशी अशीच असतात. ती स्वस्त असतात आणि म्हणूनच घरात भरपूर येतात. अशा पुस्तकाला कणा नसतो. नेहमीच्या कपाटात ती उभी लावली, की दिसतो तो फक्त कागदाच्या कडांचा पांढरा गठ्ठा. जिला अजून शीर्षक वाचता येत नाही आणि जी पुस्तक चित्रावरून ओळखते, तिच्यासाठी त्या गठ्ठ्यात काहीच नाही. तिच्या खोलीतील कपाटात नेमके हेच झालेले दिसले: ती वरची चार पुस्तके पुन्हा पुन्हा काढते आणि उरलेली तीस आपल्याकडे आहेत हेच विसरली आहे.

म्हणजे मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडणी हवी. तशा तयार मांडण्या मिळतात, आणि त्यांतील एक मी मागच्या आठवड्यात मागवूनही टाकली होती. तिचे छायाचित्र सुरेख होते. आज ती उघडून जोडली आणि भाचीची पुस्तके तिच्यात ठेवली. पुठ्ठ्याच्या बांधणीची सात पुस्तके ताठ उभी राहिली. पातळ पुस्तके मात्र दहा मिनिटांत कमरेत वाकली, त्यांचे वरचे कोपरे पुढे लोंबले आणि दोन तर घसरून खणात आडवी झाली. कारण शोधायला वेळ लागला नाही. त्या मांडणीचा प्रत्येक खण आठ सेंटीमीटर रुंद आहे, त्यामुळे पुस्तकाचा पाय पुढे सरकतो. मागे सलग पाठ नसून दोन आडव्या पट्ट्या आहेत, त्यामुळे पट्टीच्या वरचा भाग अधांतरी राहतो. आणि पाठ जवळजवळ सरळ उभी असल्याने पुस्तकाचे वजन मागे न जाता पुढे येते. जाड पुस्तके डोळ्यांसमोर ठेवून केलेली वस्तू आहे ती. शिवाय ती दाबलेल्या भुश्श्याच्या फळीची आहे, आणि तिच्या कापलेल्या कडेला ओला बोळा तासभर लावून ठेवल्यावर कड फुगली. ती परत पाठवते आहे. परतीचे भाडे माझ्या माथी बसले.

२७ जुलै

नवी मांडणी सुतारकाकांकडून करून घ्यायची, पण त्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करून पाहायचा, असे ठरवून आज ताईच्या घरी खोक्यांचे पुठ्ठे कापत बसले. भाचीला मी दुकान-दुकान खेळते आहे असे सांगितले होते, त्यामुळे गिऱ्हाईक सतत हजर होते.

तिची उंची १०७ सेंटीमीटर भरली आणि उभी असताना खांदा ८२ सेंटीमीटरवर आला. पुस्तक काढताना हात खांद्याच्या वर न्यावा लागला, तर ती पुस्तक उचलत नाही, कोपऱ्याला धरून ओढते. पिना निसटतात त्या अशाच. म्हणून मांडणीची एकूण उंची ७४ सेंटीमीटर धरली. तीन पायऱ्या, खालून ६, २८ आणि ५० सेंटीमीटरवर. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडी मागे सरकलेली. मोठ्यात मोठे पुस्तक २८ सेंटीमीटर उंच आहे. ते खालच्या खणात ठेवले, तर वरच्या पुस्तकाचा पाव भाग झाकते, म्हणून उंच पुस्तके सर्वांत वर ठेवायची.

पाठीचा उतार ठरवायला तीन पुठ्ठे वेगवेगळ्या कलाने लावले. जवळजवळ उभ्या पाठीवर पातळ पुस्तक डळमळत राहते आणि दार आपटले की पुढे पडते. फार कललेल्या पाठीवर ते निवांत पडून राहते, पण मांडणी खोलीत फार पुढे येते. बावीस सेंटीमीटर उंचीला सहा सेंटीमीटर मागे, म्हणजे साधारण पंधरा अंश, एवढ्या कलावर सर्व २७ पुस्तके संध्याकाळपर्यंत ताठ राहिली. खणाची रुंदी चार सेंटीमीटर केली, तेव्हा पुस्तकाचा पाय सरकायचा थांबला. एका पुस्तकामागे आणखी एक-दोन पातळ पुस्तके त्यात सहज मावतात. पुढची पट्टी पाच सेंटीमीटर उंच ठेवली. मी प्रथम पट्टीऐवजी गोल दांडी लावून पाहिली होती, कारण तिने मुखपृष्ठ कमी झाकले जाते. पण दांडीखालच्या फटीतून पुस्तकाची खालची कड बाहेर येऊन दुमडते.

७२ सेंटीमीटरच्या आतल्या रुंदीत चौकोनी पुस्तके तीन आणि आडवी दोन बसतात, म्हणजे तिन्ही खणांत मिळून एका वेळी आठ-नऊ मुखपृष्ठे दिसतील. ताईला ही संख्या फार कमी वाटली. मला ती पुरेशी वाटते. उरलेली पुस्तके पेटीत राहतील आणि पंधरा दिवसांनी थोडी बदलली जातील. बरेच दिवस नजरेआड राहिलेले पुस्तक भाचीला नवेच वाटते, हे नमुन्यावर आजच दिसले.

३ ऑगस्ट

सुतारकाकांना नमुना दाखवला. त्यांचे सगळे हिशेब फूट, इंच आणि सुतात असल्याने माझी सेंटीमीटरची मापे त्यांनी हसत हसत बदलून घेतली. गणपतीच्या मखरांची कामे हातात असूनही पंधरा तारखेपर्यंत देतो म्हणाले. बाजू आणि तळ १८ मिलिमीटरच्या प्लायचे, पाठी आणि पट्ट्या १२ मिलिमीटरच्या. ताईच्या घरचा दमटपणा पाहता पाण्याला टिकणारा, आयएस ७१० छापाचा प्लाय वापरायचा असे मी सांगितले. त्यांनी एका मोठ्या कामातील उरलेले तुकडे काढून दाखवले, छाप माझ्यासमोर वाचला आणि दर कमी लावला. सर्व कडा गोल घासायच्या, विशेषतः पुढच्या पट्टीची वरची कड, कारण हात आणि हनुवटी दोन्ही तिथेच आपटणार. पॉलिश पाण्यात मिसळणारे लावायचे आणि मांडणी घरात आणण्यापूर्वी आठवडाभर उघड्या हवेत ठेवायची, म्हणजे वास निघून जाईल.

"ताई, एवढ्या बुटक्या वस्तूला भिंतीत स्क्रू कशाला?" असे काकांनी विचारले. उत्तर आज माझ्याकडे नव्हते, केवळ शंका होती. वस्तू हातात आली की मोजून पाहीन.

१० ऑगस्ट

गादीचे आणि उशांचे काम आज मार्गी लागले. बीनबॅग आणि छताला टांगायचा कापडी तंबू या दोन्ही गोष्टी घरातल्यांनी आग्रहाने सुचवल्या होत्या आणि दोन्ही मी नाकारल्या. बीनबॅगेत मूल इतके रुतते की पुस्तक पोटावर येते आणि मान छातीला टेकते. शेजारी दुसरे कोणी बसू शकत नाही. आणि शिवण उसवली, तर आतले हलके मणी नाकातोंडात जाण्याची भीती असते. तंबूत पंख्याचा वारा लागत नाही, प्रकाश अडतो आणि टांगलेल्या दोऱ्या खाली लोंबतात.

बैठकीसाठी गादी कारखान्यात कापूस आणि फोम दोन्ही बसून पाहिले. मनाने मी कापसाच्या बाजूची आहे. परंतु चार फूट बाय अडीच फुटांच्या गादीत सहा किलो कापूस भरावा लागतो, तो पावसाळ्यात ओल धरतो आणि ताईच्या घरी ऊन देण्याजोगी गच्ची नाही. म्हणून बैठकीसाठी चाळीस घनतेचा, तीन इंच जाडीचा फोम घेतला. यापेक्षा हलका फोम मोठ्या माणसाच्या वजनाने फरशीला टेकतो. गुडघा दाबून पाहिला की लगेच कळते.

उशा तीनच, आणि प्रत्येकीला वेगळे काम. पाठीला कापसाचा घट्ट लोड, तो मोठ्या माणसासाठी. त्याच्यापुढे ठेवायची भाचीची मऊ उशी, म्हणजे तिची पाठ टेकेल आणि ती मोठ्याच्या थोडी पुढे, पानाच्या जवळ येईल. तिसरी मांडीवर घ्यायची, ४० बाय ३० सेंटीमीटरची, कापूस ठासून भरलेली. २८ सेंटीमीटर रुंदीचे आडवे पुस्तक उघडले की ५६ सेंटीमीटरचे होते, आणि ते दोन्ही हातांत तोलून धरणे पाच वर्षांच्या मुलीला दोन पानांपलीकडे जमत नाही. मांडीवर घट्ट उशी असली, की पुस्तक तिच्यावर टेकते आणि नजरेजवळही येते. मऊ उशी येथे चालत नाही, कारण पुस्तक मधोमध खचते.

अभ्र्यांसाठी जाड सुती केसमेंट घेतले, एकरंगी, फिकट हिरवे. दुकानदार कार्टूनचे कापड पुढे करत होता. पण तेथे रंग पुस्तकांचे दिसायला हवेत. शिवण्यापूर्वी कापड पाण्यातून काढले, तेव्हा मीटरभर कापड ९६ सेंटीमीटर झाले. तसेच शिवले असते, तर पहिल्या धुण्यानंतर अभ्रा फोमवर चढलाच नसता. चेन खालच्या बाजूला, तिचे टोक कापडाच्या पट्टीखाली झाकलेले. बटणे, गोंडे, झालर काही नाही.

१७ ऑगस्ट

मांडणी आली. काकांच्या प्रश्नाचे उत्तर आज मिळाले. तिचे वजन बारा किलो आहे आणि चार किलो पुस्तके ठेवल्यावर सोळा. प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा हातकाटा सर्वांत वरच्या पट्टीत अडकवून मी तो आपल्याकडे आडवा ओढला. काटा साडेपाच किलोवर गेला आणि मागचे पाय उचलले गेले. रिकामी असताना चार किलोलाच उचलले गेले. भाचीचे वजन १७ किलो आहे. ती वरच्या पट्टीला धरून खालच्या पट्टीवर चढली, तर मांडणी तिच्या अंगावर येण्याला काहीच अडकाठी नाही. काकांना काट्यावरचा आकडा दाखवला. त्यांनी न बोलता यंत्राने आतल्या भिंतीला दोन भोके पाडली आणि लोखंडी कोनपट्ट्या बसवल्या. त्यानंतर मी स्वतः वरच्या पट्टीला पूर्ण जोर लावून ओढले. ती हलली नाही.

संध्याकाळी एक त्रुटी दिसली. छताचा दिवा खोलीच्या मधोमध असल्याने खिडकीला पाठ करून बसल्यावर तो समोरून डोळ्यांवर येतो, आणि मोठे माणूस पानावर वाकले की त्याच्या डोक्याची सावली नेमकी अक्षरांवर पडते. काना-मात्रा तिथेच हरवतात. लोडाच्या डाव्या अंगाला, बसलेल्या मोठ्या माणसाच्या डोक्यापेक्षा वीतभर वर, नऊ वॅटचा झाकणाचा दिवा लावायला सांगितला आहे. तार भिंतीच्या पट्टीतून जाईल आणि बटण भाचीच्या हाताला येईल.

२३ ऑगस्ट

रात्री ती झोपल्यावर ताईने आणि मी सगळे लावले. नऊ मुखपृष्ठांपैकी पाच तिच्या पाठ असलेल्या गोष्टींची आणि चार नवी ठेवली. सगळीच नवी ठेवावीत असा ताईचा विचार होता. पण पाठ असलेली गोष्ट ती बोट फिरवत स्वतः "वाचते", कोणी जवळ नसतानाही. नव्या पुस्तकासाठी तिला माणूस शोधावा लागतो. सकाळी सहाला माणसे कोठून मिळणार?

खर्च अकरा हजार चारशे झाला, परतीच्या भाड्यासह.

७ सप्टेंबर

दोन आठवड्यांनी पाहायला गेले. गणपतीच्या पाहुण्यांमुळे पहिला आठवडा कोपऱ्यात पिशव्यांचा ढीग होता, हे ताईने प्रामाणिकपणे सांगितले. त्यानंतर भाची रोज बसते आहे, बहुधा संध्याकाळी आजोबांबरोबर. पातळ पुस्तके ताठ आहेत, कोपरे वळलेले नाहीत. लोडाचा घोडा झाला आहे, त्याला इलाज नाही. मांडीवरची उशी पहिल्या दिवसापासून आजोबाच घेऊन बसतात, म्हणून तशीच दुसरी शिवायला टाकली आहे.

माझी एक चूक उघडी पडली. मधल्या आणि वरच्या खणातील पुस्तके रोज बदललेली दिसतात. खालच्या खणातील तिन्ही मात्र जन्मदिवशी लावली होती तशीच आहेत. भाचीच्या जागी बसून पाहिले, तेव्हा कारण कळले. गादी मांडणीला अगदी भिडवून ठेवली आहे. तिची जाडी साडेसात सेंटीमीटर आणि खालच्या खणाचा तळ सहा सेंटीमीटरवर, त्यामुळे पुढच्या पट्टीला गादीची कड चिकटते आणि त्या खणात हात घालायला जागाच राहत नाही. नमुना करताना मी तिला फरशीवर बसवले होते, गादी तेव्हा नव्हतीच. १६५ सेंटीमीटरच्या भिंतीवर थोडी जागा शिल्लक असल्याने आज गादी बारा सेंटीमीटर मागे सरकवली. खण मोकळा झाला, पण मधल्या फटीत पहिल्याच तासात एक पुस्तक आणि दोन खडू पडले.

काकांशी बोलले आहे. मांडणीखाली तीन इंचांची चौकट देऊन ती उचलायची आणि गादी पुन्हा भिडवायची. वरचा खण त्यामुळे ५८ सेंटीमीटरवर जाईल, म्हणजे अजूनही तिच्या खांद्याच्या खालीच. कोनपट्ट्या काढून तेवढ्याच वर नव्याने बसवाव्या लागतील, आणि त्या बसल्यावर हातकाटा पुन्हा लावीन. काका दिवाळीआधी येतो म्हणाले आहेत. तोपर्यंत खालच्या खणातील तिन्ही पुस्तके मधल्या खणात, पुढच्या पुस्तकांच्या मागे ठेवली आहेत.